प्रिस्क्रिप्शनच्या स्क्रीनशॉटवरून डोसचं टाइमटेबल कसं बनवायचं आणि गोळ्या नेमक्या किती लागतील ते कसं मोजायचं

ऑनलाइन कन्सल्टेशन संपलं की चॅटवर प्रिस्क्रिप्शनचा फोटो येतो, आपण त्याचा स्क्रीनशॉट घेतो, घरच्या ग्रुपवर टाकतो, कुणीतरी जाऊन औषधं आणतं आणि मग रात्री खरा प्रश्न येतो की यातली कुठली गोळी आत्ता घ्यायची, कुठली सकाळी, आणि आणलेल्या गोळ्या पुरणार का मधेच संपणार. बहुतेक जण इथे दिवस मोजतात, म्हणजे "पाच दिवसांचा कोर्स, आज बुधवार, रविवारी संपला". तिथेच गडबड होते, कारण पहिल्या दिवशी आपण क्वचितच सगळे डोस घेतलेले असतात. मोजायचे असतात ते डोस. एकूण डोस किती हे एकदा पक्कं झालं की टाइमटेबल त्यातूनच निघतं आणि गोळ्यांचा आकडाही त्यातूनच निघतो.

हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून एकच केस घेऊन शेवटपर्यंत करूया. समजा तुमच्या मावशीचं प्रिस्क्रिप्शन आहे, छातीचं इन्फेक्शन आणि दम लागतोय म्हणून दिलेलं, तारीख ४, बुधवार, आणि औषधं हातात आली संध्याकाळी सातला. स्क्रीनशॉटवर असं दिसतंय:

```
1) Cap Amoxicillin 500 mg   1 TDS x 5/7
2) Tab Prednisolone 10 mg   3 OD x 3 d, 2 OD x 3 d,
                            1 OD x 3 d   PC morning
3) Tab Pantoprazole 40 mg   1-0-0 AC x 9 d
4) Cap Vitamin D3 60000 IU  1 / week x 8/52
5) Tab Paracetamol 500 mg   1 SOS, gap 6 h,
                            max 3/day x 3 d
Cont. thyroid tab
```

ही केस फक्त पद्धत समजायला घेतलीय हां, तुमच्या दुखण्यावर यातलं काही उचलून घेऊ नका, तुमच्या कागदावर जे आहे तेच तुमचं.

आता आकडेमोडीच्या आधी स्क्रीनशॉट नीट बघा, कारण अर्ध्या चुका गणिताच्या नसतात, चित्राच्या असतात. कागदाच्या चारही कडा दिसतायत का? कारण क्रॉप करताना नेमका उजवीकडचा भाग कापला जातो आणि "x 5/7" हे तिथेच लिहिलेलं असतं. खाली "Page 1 of 2" असं काही आहे का? वरचं नाव आणि वय मावशीचंच आहे ना, तारीख या वेळचीच आहे ना? ग्रुपवर जुनं प्रिस्क्रिप्शनसुद्धा फिरत असतं आणि दोन्ही कागद दिसायला सारखेच असतात. फोटो दोन-तीनदा फॉरवर्ड झाला असेल तर तो घासून बारीक झालेला असतो, तेव्हा ज्याच्याकडे पहिल्यांदा आला त्याच्याकडून ओरिजिनल फाइल मागवा, तिच्यात झूम केल्यावर जे दिसतं ते फॉरवर्डमध्ये दिसत नाही.

झूम करून कुठे बघायचं तर टिंबाकडे आणि युनिटकडे. टिंब पुसट असेल तर 2.5 चं 25 वाचलं जातं, आणि हाताने लिहिलेल्या .5 मधलं टिंब उडालं की सरळ 5 उरतं, म्हणजे दहापट. mg आणि mcg मध्ये तर हजारपटीचा फरक आहे, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम, आणि थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. फोनमधून टेक्स्ट कॉपी करायची सोय वापरत असाल तर वापरा, पण नंतर प्रत्येक आकडा चित्राशी ताडून बघा, कारण ½ सारखी चिन्हं आणि टिंबं तिथे चुकू शकतात. आणि एखादी गोष्ट खरंच वाचता येत नसेल तर "बहुतेक हेच असेल" म्हणून भरू नका, त्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाका आणि डॉक्टरांकडे नाहीतर फार्मासिस्टकडे विचारा. अंदाजाने भरलेला रकाना दोन दिवसांनी खात्रीचा वाटायला लागतो, हाच त्याचा धोका आहे.

आता खुणा. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. चार आकडे असतील तर मधे संध्याकाळ धरलेली असते. OD म्हणजे दिवसातून एकदा, BD म्हणजे दोनदा, TDS म्हणजे तीनदा, QID म्हणजे चारदा, HS म्हणजे झोपताना. AC म्हणजे खाण्याआधी, PC म्हणजे खाल्ल्यावर. SOS म्हणजे गरज लागली तरच. डोळ्यांच्या ड्रॉप्सवर मात्र OD दिसलं तर थांबा, तिथे त्याचा अर्थ उजवा डोळा असाही होतो, आणि मग दिवसातून किती वेळा ते वेगळं लिहिलेलं असतं.

5/7 हा प्रकार बऱ्याच जणांना चकवतो. कुणी ती तारीख समजतं, पाच जुलै, कुणी "पाच ते सात दिवस" समजतं. तो खरं तर दिवसांचा हिशोब आहे, खाली 7 म्हणजे आठवड्याचे दिवस, वर 5 म्हणजे त्यातले पाच, म्हणजे पाच दिवस. तसंच 8/52 म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांतले आठ, म्हणजे आठ आठवडे, आणि 1/12 म्हणजे एक महिना. हे सगळेच डॉक्टर लिहीत नाहीत पण जे लिहितात ते सवयीने लिहितात आणि खुलासा करत नाहीत.

मावशीच्या कागदावर सगळ्यात जास्त चुकेल अशी ओळ दुसरी आहे. "3 OD" म्हणजे तीन गोळ्या एकाच वेळी, दिवसातून एकदा. खूप जण तीन हा आकडा बघतात आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ अशी एकेक वाटून टाकतात, त्यांना ते जास्त सौम्यही वाटतं. पण हे स्टिरॉइड आहे, ते सकाळी एकदम घ्यायला सांगतात याला कारण आहे, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड पहाटे-सकाळीच जास्त असतं आणि संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. म्हणजे गोळ्या तेवढ्याच गेल्या तरी डोस चुकलेला असतो.

आता मोजणी. मी टाइमटेबलच्या आधी मोजणी करायला सांगते, कारण एकूण आकडा माहीत असला की टाइमटेबल बरोबर झालंय का हे लगेच तपासता येतं. साधा गुणाकार आहे, एका वेळी किती, दिवसातून किती वेळा, किती दिवस.

अमॉक्सिसिलिन १ × ३ × ५ म्हणजे १५ कॅप्सूल. पॅन्टोप्राझोल १ × १ × ९ म्हणजे ९ गोळ्या. व्हिटॅमिन डी आठवड्याला एक, आठ आठवडे, ८ कॅप्सूल. पॅरासिटामॉल गरजेपुरती आहे, तिचा नक्की आकडा काढता येत नाही, पण वरची मर्यादा काढता येते, दिवसाला जास्तीत जास्त ३ आणि ३ दिवस म्हणजे ९ च्या वर नाही. थायरॉइडची गोळी आधीपासून चालूच आहे, ती विकत आणायची नाहीये पण कोर्स संपेपर्यंत घरात पुरेशी शिल्लक आहे का ते बघायचं, गुरुवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत धरलं तर निदान ९ हव्यात.

प्रेडनिसोलोन जरा वेगळं करायचं. इथे डोस पायरीपायरीने उतरतोय, तेव्हा प्रत्येक पायरी वेगळी मोजायची आणि मग बेरीज:

```
3 x 3 = 9
2 x 3 = 6
1 x 3 = 3
        18 tablets of 10 mg = 180 mg
```

शेवटचा तो 180 mg आकडा गोळ्यांइतकाच महत्त्वाचा आहे, तो लिहून ठेवा. गोळ्यांचा आकडा हा त्या एका ताकदीच्या गोळीपुरताच खरा असतो, मिलिग्रॅमचा आकडा कुठलीही गोळी मिळाली तरी खरा राहतो. समजा दुकानात १० मिलिग्रॅमची नव्हती आणि ५ ची दिली, तर १८० भागिले ५, म्हणजे ३६ गोळ्या लागतील आणि रोजचा डोस ६, मग ४, मग २ असा होईल. आणि २० ची मिळाली तर १८० भागिले २०, म्हणजे ९ गोळ्या, आणि डोस दीड, मग एक, मग अर्धी.

ही बदललेल्या ताकदीची गोष्ट मी जरा लांबवतेय कारण यात खरंच इजा होते. कागदावर "3 OD" आहे, हातात २० ची स्ट्रिप आहे, आणि घरातलं कुणीतरी कागद बघून तीन गोळ्या देतं, झाले ६० मिलिग्रॅम, द्यायचे होते ३०. कुणाचाही हेतू वाईट नाही, कागदही बरोबर आहे, गोळीही बरोबर आहे, फक्त दोन्हींचा मेळ घातला नाही. म्हणून टाइमटेबलमध्ये नुसतं "३ गोळ्या" असं लिहायचंच नाही, "३० मिग्रॅ = १० च्या ३ गोळ्या" असं लिहायचं आणि ते लिहिताना स्ट्रिप हातात धरून तिच्यावरचा आकडा वाचायचा, स्क्रीनशॉटवरून नाही. त्यातही स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा दर वेळी एकाच औषधाचा असतो असं नाही, जसं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेटच्या गोळीवरचा 625 हा ५०० आणि १२५ ची बेरीज असतो, तेव्हा खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा.

अर्धी गोळी करायची वेळ आलीच तर गोळीवर मधोमध रेघ आहे का बघा आणि फार्मासिस्टला विचारा की ही तोडलेली चालते का. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे SR, ER, XL असं काही असतं, त्या सहसा तोडायच्या नसतात, आणि पॅन्टोप्राझोलवर पोटातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, तीही तोडायची-कुटायची नाही. म्हणजे ४० ची मिळाली नाही तर २० च्या दोन घेता येतील का हे विचारता येईल, पण कापाकापी करून हिशोब जुळवायचा नाही.

आता सुरुवात कधी. औषधं बुधवारी संध्याकाळी सातला आली. अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस आज रात्रीच घ्यायचा का सकाळपासून, हे डॉक्टरांना विचारून घ्या. अँटिबायोटिक असेल तर ते सहसा लगेच सुरू करा म्हणतात. (त्याच फोनमध्ये पेनिसिलिनची ॲलर्जी कधी झालीय का हेही सांगून टाका, अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं आहे आणि टाइमटेबल कितीही चांगलं केलं तरी ते ॲलर्जी पकडत नाही.) समजा आज रात्रीपासून सुरू झालं. मग बुधवारी १ डोस, गुरुवार ते रविवार चार दिवस रोज ३ म्हणजे १२, झाले १३, आणि उरलेले २ सोमवारी ९ तारखेला सकाळी आणि दुपारी. म्हणजे "पाच दिवसांचा" कोर्स कॅलेंडरवर सहा तारखांना शिवतो. दिवस मोजणारा माणूस रविवारी रात्री थांबतो आणि त्याच्याकडे दोन कॅप्सूल उरतात आणि त्याला वाटतं की दुकानदाराने जास्त दिल्या.

प्रेडनिसोलोन आणि पॅन्टोप्राझोल सकाळचीच आहेत तेव्हा ती गुरुवारी ५ तारखेपासून. प्रेडनिसोलोन ५, ६, ७ ला ३० मिलिग्रॅम, ८, ९, १० ला २०, ११, १२, १३ ला १०. प्रत्येक तारखेपुढे आकडा लिहा, "तीन दिवसांनी कमी करा" असं एका ओळीत लिहून सोडू नका, कारण तिसरा दिवस कुठला यावर आजारी माणसाने डोकं खाजवायचं नाही. पॅन्टोप्राझोल ५ ते १३. इथे तारखा वजा करताना एक चूक हमखास होते, १३ वजा ५ बरोबर ८ येतात पण दिवस ९ असतात, कारण पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरायचे, म्हणून वजाबाकीत एक मिळवायचा.

हाच घोळ आठवड्याच्या कॅप्सूलचाही होतो. पहिली रविवारी ८ तारखेला घेतली तर आठवी कधी येते? आठ आठवड्यांनी नाही, सात आठवड्यांनी, कारण पहिली तर आजच गेली. आणि या ओळीबद्दल एक गोष्ट ठळक सांगते, आठवड्यातून एकदाची गोळी रोजच्या तक्त्यात कधीच मांडू नका. तिला वेगळं पान द्या, वार ठरवून टाका, त्या वारांच्या आठही तारखा लिहा आणि घेतली की खोडा. रोजच्या डबीत ती चुकून रोज पडायला लागते. व्हिटॅमिन डी जास्त झालं तरी त्रास होतो, पण मेथोट्रेक्सेटसारखं औषध, जे सांधेदुखीच्या काही आजारांत आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ते चुकून रोज घेतल्यामुळे जगभर मृत्यू झालेले आहेत. म्हणजे हा नुसता टापटिपीचा मुद्दा नाही.

आता एका दिवसाच्या वेळा बसवू. आधी त्या माणसाचा दिवस विचारायचा, मग औषधं त्यात बसवायची. मावशी साडेसहाला उठते, आठला नाश्ता करते, एकच्या सुमारास जेवते आणि दहाला झोपायला जाते. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, ही जागा आधीच तिची आहे आणि ती हलवायची नाही. नवीन कागद आला की लोक फक्त नवीन औषधांचं टाइमटेबल करतात आणि जुनी औषधं वेगळीच चालू राहतात, मग कुठे दोन गोळ्या एकमेकींच्या अंगावर येतात तर कुठे जुनी राहूनच जाते. "Cont." ची ओळ म्हणूनच महत्त्वाची. आणि मावशी कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेत असेल तर ती थायरॉइडच्या गोळीपासून चार तास तरी लांब हवी, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही.

पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे साडेसात. प्रेडनिसोलोन नाश्ता झाल्यावर, सव्वाआठ. राहिलं अमॉक्सिसिलिन. TDS म्हणजे दिवसातून तीनदा, पण तीन डोस कुठेही टाकायचे असं नाही, आदर्श अंतर आठ-आठ तासांचं. सकाळी नऊ, दुपारी एक, रात्री आठ असं जेवणाला बांधलं तर दिवसा अंतर चार तासांचं पडतं आणि रात्री तेरा तासांचं, म्हणजे रात्रीचा बराच वेळ शरीरात औषध जवळजवळ नसतंच. अमॉक्सिसिलिन खाण्याआधी किंवा नंतर, दोन्ही चालतं, तेव्हा जेवणाला बांधायची गरजच नाही. उठणं आणि झोपणं ही दोन टोकं धरायची आणि तिसरा डोस मधे टाकायचा. साडेसात, अडीच, दहा. अंतरं आली सात तास, साडेसात तास आणि रात्रीचं साडेनऊ तास. झोपमोड न करता यापेक्षा फार जवळ जाता येत नाही आणि एवढं चालतं. कागदावर TDS ऐवजी "8 hourly" किंवा q8h असं मुद्दाम लिहिलेलं असेल तर मात्र घड्याळ पाळायचं, तिथे विचारल्याशिवाय सूट घेऊ नका.

म्हणजे गुरुवार ५ तारखेचं पान असं होईल:

```
गुरुवार, ५ तारीख
६:३०  थायरॉइडची गोळी १, उपाशीपोटी, पाणी        [ ]
७:३०  पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ = १ गोळी            [ ]
७:३०  अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ = १ कॅप्सूल         [ ]
८:१५  प्रेडनिसोलोन ३० मिग्रॅ = १० च्या ३, नाश्त्यानंतर [ ]
२:३०  अमॉक्सिसिलिन १ कॅप्सूल                    [ ]
१०:००  अमॉक्सिसिलिन १ कॅप्सूल                   [ ]
```

पाच अलार्म झाले, पुरे. तारखेप्रमाणे नऊ छोटी पानं करायची, एकच मोठा तक्ता करून "रोज असंच" लिहायचं नाही, कारण रोज असंच नाहीये, ८ तारखेला स्टिरॉइड उतरतंय आणि ९ ला अमॉक्सिसिलिनचा रात्रीचा डोस नाहीये. पुढचे चौकोन घेतल्यावरच टिक करायचे, डबीत भरताना नाही.

पॅरासिटामॉल या पानावर कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. SOS औषध टाइमटेबलात टाकलं की माणूस ते वेळेवर घेतो, दुखो न दुखो, कारण अलार्म वाजलाय. त्याच्यासाठी पानाच्या मागे तीन ओळी ठेवा, घेतलं किती वाजता एवढंच लिहायचं. तीन ओळी भरल्या की त्या दिवसाचं संपलं, आणि मागच्या वेळेत सहा तास मिळवले की पुढची कधी घेता येईल ते कळतं. दुपारी एकला घेतली तर सातच्या आधी नाही. सर्दीच्या, अंगदुखीच्या ज्या तयार गोळ्या मिळतात त्यांच्यातही खूपदा पॅरासिटामॉल असतं, ती घेतली तर तीही याच तीन ओळींत लिहायची आणि त्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे तेही.

दुकानात गेल्यावर आपला आकडा आपल्याजवळ असू द्या: १५, १८, ९, ८, आणि पॅरासिटामॉल ९ पर्यंत. स्ट्रिप दहाची असेल तर १५ साठी एक पूर्ण आणि एक अर्धी कापून घ्यावी लागते. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव, ताकद आणि एक्स्पायरी राहिलीय का तेवढं बघा, कारण एक्स्पायरीसारखी माहिती खूपदा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असते आणि नेमका दुसरा तुकडा आपल्याकडे येतो. तसं झालं तर तिथेच पेनाने तुकड्यावर लिहून घ्या किंवा मोबाईलवर अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढा. जास्त गोळ्या आल्या, समजा पॅन्टोप्राझोलच्या ९ ऐवजी १५, तर घरी आल्यावर ९ मोजून बाजूला काढा आणि बाकीच्या वेगळ्या ठेवा, नाहीतर "स्ट्रिप संपेपर्यंत" कोर्स चालू राहतो. आणि हे बाजूला काढणं सगळ्याच औषधांचं करा, कारण पुढची तपासणी त्याच्याशिवाय होत नाही.

ही तपासणी मधेच एकदा करायची, मी रविवारी ८ तारखेच्या रात्री धरते, दहाचा डोस झाल्यावर. आत्तापर्यंत किती गेल्या असायला हव्यात ते आपल्याला माहितीय, म्हणजे किती उरल्या असायला हव्यात तेही माहितीय. अमॉक्सिसिलिन १३ गेल्या, २ उरायला हव्यात. पॅन्टोप्राझोल ४ गेल्या, ५ उरायला हव्यात. व्हिटॅमिन डी आज एक गेली, ७. प्रेडनिसोलोन तीन दिवस ३ म्हणजे ९ आणि आज २, गेल्या ११, उरायला हव्यात ७.

आता स्ट्रिप उघडून मोजा आणि आकडा काय सांगतो ते ऐका. अमॉक्सिसिलिन २ ऐवजी ३ असतील तर एक डोस राहिलाय, बहुतेक दुपारचा, पानावरचा रिकामा चौकोन शोधा. प्रेडनिसोलोन ७ ऐवजी ६ असेल तर सगळ्यात शक्य गोष्ट ही की आज पायरी उतरायची राहिली आणि सवयीने तीनच घेतल्या गेल्या. ८ असतील तर एखाद्या दिवशी तीनऐवजी दोन गेल्यात किंवा आज एकच गेलीय. असं काही दिसलं तर उद्या कमी-जास्त करून आपणच हिशोब बरोबर करायला जाऊ नका, काय झालंय ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, "रविवारी दोनऐवजी तीन घेतल्या", आणि पुढे काय ते त्यांनाच ठरवू द्या. या मोजणीची एक मर्यादाही आहे, ती किती गेल्या ते सांगते, कधी गेल्या ते नाही. तीन गोळ्या सकाळी एकदम न घेता दिवसभरात वाटून घेतल्या असतील तरी रविवारी उरतात सातच. त्यासाठी पानावरच्या टिका बघाव्या लागतात, आणि मावशीला सरळ विचारावं लागतं की बाई, सकाळी तिन्ही एकदम घेतेस ना.

डोस राहिलाच तर बहुतेक औषधांचा सर्वसाधारण नियम असा की आठवल्यावर घ्यायचा, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायचा, आणि दोन एकदम कधीच घ्यायचे नाहीत. अडीचचं अमॉक्सिसिलिन चारला आठवलं तर घ्या, रात्री नऊला आठवलं तर दहाचं एकच घ्या. मग त्या डोसचं काय, तो कोर्सच्या शेवटी सोमवारी रात्री घ्यायचा का, हे विचारून घ्यायचं आणि उत्तर पानावर लिहून ठेवायचं, म्हणजे १५ चा हिशोब कुठे गेला ते नंतर कुणालाही कळेल.

सोमवारी दुपारी अडीचला अमॉक्सिसिलिनची शेवटची कॅप्सूल जाते, तेव्हा मंगळवारच्या पानावर तिची ओळ नकोच आणि अडीच आणि दहाचे अलार्म बंद करून टाका. शुक्रवारी १३ तारखेला सकाळी सव्वाआठला प्रेडनिसोलोनची एक गोळी, त्याआधी साडेसातला पॅन्टोप्राझोलची शेवटची. त्यानंतर साडेसात आणि सव्वाआठचेही अलार्म बंद, साडेसहाचा थायरॉइडचा मात्र तसाच चालू. व्हिटॅमिन डीच्या ७ कॅप्सूल अजून शिल्लक असतील, त्यातली पुढची रविवारी १५ तारखेला, आणि बाकीच्या सहा रविवारच्या तारखा मावशीच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा.